प्रॉडक्शन डिप्लॉयमेंटचं मंजुरी-तिकीट: चालू कोडपासून सहीपर्यंतचा माग कसा राखायचा

ऑडिटर चेंज तिकिटं तपासायला बसतो तेव्हा सुरुवात तिकिटांपासून करत नाही. तो आधी डिप्लॉयमेंटची यादी मागतो: एक एप्रिल ते एकतीस मार्च या काळात प्रॉडक्शनवर जे जे गेलं, ते सगळं, आणि तेही सिस्टीममधून थेट काढलेलं. त्यातले काही नमुने तो स्वतः निवडतो आणि मग विचारतो, "याचं तिकीट दाखवा." तिकिटांपासून उलटं निघालं तर सगळंच व्यवस्थित दिसतं, कारण ज्या बदलाचं तिकीटच काढलं नाही तो तिकिटांच्या यादीत दिसणारच नाही. बऱ्याच टीम नेमक्या इथे अडतात. तिकिटं शेकड्यांनी असतात, प्रत्येकावर "अप्रूव्ह्ड" असतं, पण सर्व्हरवर आज चालू असलेला कोड कोणत्या तिकिटाने आला हे ठामपणे सांगता येत नाही.

म्हणून या लेखात एकाच गोष्टीचा पाठपुरावा करायचा आहे: प्रॉडक्शनवरच्या कोडकडे बोट ठेवून मागे मागे जात मंजुरी देणाऱ्या माणसापर्यंत पोचता आलं पाहिजे, आणि वाटेत कुठेही कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहावं लागू नये.

सोलापुरात हा प्रश्न आता मोठ्या कंपन्यांपुरता राहिलेला नाही. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतले कारखाने, साखर कारखाने, नागरी सहकारी बँका यांच्यासाठी बिलिंग, स्टॉक आणि हिशेबाची सॉफ्टवेअर चालवणाऱ्या छोट्या टीम इथे आहेत. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नियम असा आहे की हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीतल्या बदलाचा एडिट लॉग राहिला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये. हे वर्षभर पाळलं गेलं का, यावर ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. भागीदारी पेढीला हा नियम लागू नाही, प्रायव्हेट लिमिटेडला आहे. आता एडिट लॉग आणि चेंज तिकीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एडिट लॉग सांगतो की हिशेबातली नोंद कोणी बदलली. पण ज्याच्या हातात सॉफ्टवेअर बदलायची चावी आहे, त्याने तो लॉगच मधे बंद केला नाही कशावरून? या प्रश्नाचं उत्तर चेंज तिकिटं देतात. त्यामुळे ग्राहकाचा सीए तुमच्या टीमपर्यंत येतो.

एक उदाहरण घेऊन चालू

समजा, तुमची आठ जणांची टीम चादर आणि टॉवेलच्या कारखान्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर चालवते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चादरी, टॉवेल, बेडशीट अशा तयार कापडी वस्तूंना आधी नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. नव्या दरात २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. तो दिवस सोमवार, घटस्थापनेचा, म्हणजे सकाळपासून बिलं फाटणार. बदल रविवारी रात्रीपर्यंत प्रॉडक्शनवर जायलाच हवा.

दिसायला दोन आकडे बदलायचे आहेत. तिकिटावर "जीएसटी रेट अपडेट" एवढं लिहून मोकळं होता येईल. पण वर्षभराने ते वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळणार नाही. तिकीट असं लिहा की या बदलाविषयी काहीच ठाऊक नसलेल्या माणसालाही मंजुरी कशाला दिली ते समजावं. आपल्या CHG-214 चा मजकूर साधारण असा असेल:

काय बदलतंय: तयार कापडी वस्तूंसाठी दराची सीमा १,००० वरून २,५०० रुपये आणि सीमेवरचा दर १२ वरून १८ टक्के. २२ सप्टेंबर किंवा त्यानंतरच्या तारखेच्या बिलांनाच लागू. क्रेडिट नोटला मूळ बिलाच्या तारखेचा दर.

का: जीएसटी दरातला बदल, २२ सप्टेंबर २०२५ पासून.

कोणता कोड: `8f3c1d7a94e20b65c7d81f0e3a9b4c52d6e7f018`

काय तपासलं: १,०००, १,८००, २,५०० आणि २,५०१ रुपयांच्या नगांची बिलं, २१ आणि २२ सप्टेंबर अशा दोन्ही तारखांना. २० सप्टेंबरला १,८०० रुपयांना विकलेली चादर परत आल्यावर क्रेडिट नोटमध्ये १२ टक्के येतात का.

बिघडलं तर: रात्री बारापर्यंत जुनी आवृत्ती परत लावायची. बारानंतर मागे जायचं नाही, बिलिंग थांबवून पुढची दुरुस्ती लावायची.

कधी: रविवार २१ सप्टेंबर, रात्री ८ ते ९.

यातल्या दोन ओळींवर जरा थांबू. पहिली रोलबॅकची. बहुतेक तिकिटांवर "आधीची आवृत्ती परत लावू" असं ठरलेलं वाक्य असतं, आणि इथे ते धोक्याचं आहे. बारा वाजून गेल्यावर जुना कोड परत लावला तर १,८०० रुपयांच्या चादरीवर ५ ऐवजी १२ टक्के कर लागू लागेल. शिवाय तोवर नव्या दराने निघालेली बिलं कोड मागे नेल्याने मागे जात नाहीत. ई-इनव्हॉइसचा आयआरएन पोर्टलवर २४ तासांच्या आत रद्द करता येतो, त्यानंतर क्रेडिट नोटच काढावी लागते. मंजुरी देणाऱ्याने जबाबदारी घ्यायची ती या ओळीची, म्हणून ती त्या बदलापुरती विचार करून लिहिलेली असावी.

दुसरी ओळ कोडची. तिथे ब्रांचचं नाव लिहू नका. `release-sept` आज एका कमिटवर असते आणि उद्या दुसऱ्या. टॅगसुद्धा हलवता येतो. पूर्ण चाळीस अक्षरांचा कमिट क्रमांक लिहा. कंटेनर वापरत असाल तर इमेजचा `sha256` डायजेस्ट लिहिला तर आणखी चांगलं, कारण एकाच कमिटवरून दोनदा बिल्ड केल्यास आत आलेल्या लायब्रऱ्या वेगळ्या असू शकतात. मंजुरी विषयाला नसते, नेमक्या त्या कोडला असते. या एका ओळीवर पुढचं सगळं उभं आहे.

मंजुरी कोण देणार, आणि कशी

ज्याने कोड लिहिला त्याने तो मंजूर करायचा नाही. मंजुरी देणाऱ्याने स्वतःच्या लॉगिनने, तिकिटाची स्थिती बदलून मंजुरी द्यायची, म्हणजे नाव आणि वेळ सिस्टीम स्वतः नोंदवते. व्हॉट्सअॅपवरचा "ओके" आणि त्याचा स्क्रीनशॉट ही कमकुवत साक्ष आहे. तो कशाला "ओके" आहे, हे त्या चित्रात नसतं. `admin` सारखं सगळ्यांनी मिळून वापरायचं खातं असेल तर मंजुरीला अर्थच उरत नाही, ते आधी बंद करा.

छोट्या टीमची खरी अडचण अशी की कोड समजणारा एकच ज्येष्ठ माणूस असतो आणि अवघड बदल तोच करतो. अशा वेळी कामाची फोड करा. कोडचा रिव्ह्यू दुसऱ्या डेव्हलपरने करायचा, तो कनिष्ठ असला तरी चालेल. मंजुरी ऑपरेशन्स किंवा सपोर्ट पाहणाऱ्याने द्यायची. तो कोड वाचणार नाही, पण चाचणी झाली का, वेळ योग्य आहे का, बिघडलं तर काय, हे तीन प्रश्न तो विचारू शकतो आणि विचारायलाच हवेत. माझ्या मते अशी मंजुरी कित्येकदा तांत्रिक मंजुरीपेक्षा जास्त उपयोगाची असते, कारण सोमवारी सकाळी कारखान्यांचे फोन त्यालाच घ्यायचे असतात.

जिरा वापरत असाल तर तिकीट "Approved" झाल्यावर त्यातला मजकूर कोणाला बदलता येऊ नये. वर्कफ्लोमध्ये त्या स्थितीला `jira.issue.editable` ही प्रॉपर्टी `false` करून लावली की फील्ड गोठतात. बदल करायचाच असेल तर तिकीट मागे "Draft" मध्ये न्यावं लागतं, आणि तशी नोंद इतिहासात राहते. तिकीट डिलीट करायची परवानगी सगळ्यांकडून काढून घ्या. CHG-209 नंतर थेट CHG-211 दिसलं की ऑडिटर थांबतोच, आणि २१० चं काय झालं याचं उत्तर तेव्हा कोणाकडे नसतं.

आता आपल्या उदाहरणात रविवारी काय झालं ते पाहू. मंजुरी दुपारी ४:१० ला मिळाली. साडेपाचला टेस्टरला दिसलं की क्रेडिट नोट मूळ बिलाची तारीख न धरता स्वतःचीच तारीख धरते, म्हणजे १२ ऐवजी ५ टक्क्यांचा परतावा निघतो. डेव्हलपरने एका ओळीची दुरुस्ती केली आणि म्हणाला, "सर, एकच ओळ आहे, मंजुरी तर झालेलीच आहे, टाकू का?"

उत्तर नाही असंच हवं. कमिट बदललं, म्हणजे ४:१० ची मंजुरी संपली. तिकीट मागे गेलं, नवा कमिट क्रमांक भरला, परताव्याची चाचणी पुन्हा करून निकाल जोडला आणि ६:४० ला नव्याने मंजुरी मिळाली. जास्तीचा वेळ गेला तो चाचणीत, मंजुरीत नव्हे. तिकिटाच्या इतिहासात दोन्ही मंजुऱ्या दिसतात. ते लपवायचं काही कारण नाही. पहिली मंजुरी रद्द होऊन दुसरी घेतलेली दिसणं हा तुमची पद्धत खरोखर चालते याचा पुरावा आहे.

माणसाने नव्हे, पाइपलाइनने अडवावं

वरचा "नाही" टीम लीडच्या तोंडून आला. पण तो सुट्टीवर असेल तर? म्हणून हीच तपासणी पाइपलाइनमध्ये, डिप्लॉयच्या पायरीच्या अगदी आधी बसवा. जिरासाठी ती एवढीशी आहे:

```bash
set -euo pipefail
T=$(curl -sf -u "$JIRA_USER:$JIRA_TOKEN" \
  "$JIRA_URL/rest/api/3/issue/$CHG?fields=status,customfield_10071")
[ "$(jq -r .fields.status.name <<<"$T")" = "Approved" ]
[ "$(jq -r .fields.customfield_10071 <<<"$T")" = "$(git rev-parse HEAD)" ]
```

तिकीट मंजूर नसेल किंवा त्यावरचा कमिट आणि डिप्लॉय होणारा कमिट जुळत नसेल, तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. `customfield_10071` च्या जागी तुमच्या जिरातल्या कमिट फील्डचा क्रमांक येईल, आणि ते फील्ड एका ओळीच्या साध्या मजकुराचं असू द्या. मोठ्या मजकुराचं फील्ड ही एपीआय वेगळ्या रचनेत देते, मग तुलना कधीच जुळत नाही.

डिप्लॉय झाल्यावर पाइपलाइननेच तिकिटावर कॉमेंट टाकावी: रनचा क्रमांक, कोणी सुरू केला, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, कमिट, निकाल. आणि अॅपमध्ये `/version` असा एक पत्ता ठेवा, जो चालू कमिट आणि CHG क्रमांक दाखवतो. ऑडिटरसमोर तो पत्ता उघडला, तिथून तिकीट, तिकिटावरून मंजुरी आणि रिव्ह्यू, असं चार क्लिकमध्ये जाता आलं की पुढची चौकशी बरीच आटोपते.

हा अडसर बसवल्यावर त्याला वळसा घालायच्या वाटा शोधा. सर्व्हरच्या एसएसएच चाव्या किती जणांकडे आहेत? कोणाच्या लॅपटॉपवरून थेट डिप्लॉय करता येतं का? जो हा तपासणीचा कोड बदलू शकतो, त्याच्या बदलाला दुसऱ्याचा रिव्ह्यू लागतो का? डिप्लॉय करायचे अधिकार फक्त पाइपलाइनच्या खात्याला ठेवा. माणसांसाठी अडीअडचणीचं एक वेगळं खातं असू द्या, आणि ते वापरलं की लगेच दोघांना मेल जाऊ द्या.

सोमवार सकाळ: घाईचा बदल आणि थेट डेटाबेस

सर्वात मोठं भोक इथे असतं. कोडचे बदल सगळे शिस्तीत जातात, आणि डेटाबेसमध्ये हाताने चालवलेल्या दुरुस्त्या कुठेच दिसत नाहीत. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर त्याच जास्त नाजूक, कारण अॅपचा एडिट लॉग अॅपमधून झालेले बदल टिपतो. बाहेरून थेट चालवलेली `UPDATE` त्याला बहुधा दिसतही नाही.

आपल्या उदाहरणात सोमवारी ९:४० ला एका कारखान्यातून फोन येतो: २,७५० रुपयांच्या बेडशीटवर अजून १२ टक्केच लागतात. कारण सापडतं. त्या ग्राहकाने पूर्वी स्वतःचा दरतक्ता बनवून घेतला होता, आणि त्यातली एक ओळ जुनीच राहिली. गिऱ्हाईक काउंटरवर उभं आहे. पूर्ण मंजुरीची वाट पाहणं शक्य नाही, आणि तिकिटाशिवाय दुरुस्ती करणंही बरोबर नाही.

अशा वेळी क्रम असा ठेवा. आधी तिकीट उघडा, एका वाक्याचं असलं तरी चालेल, आणि प्रकार "इमर्जन्सी" निवडा. मंजुरी फोनवर घ्या. चालवायची क्वेरी तिकिटावर चिकटवा, चालवण्याआधी दुसऱ्याने ती वाचावी:

```sql
BEGIN;
UPDATE tax_slab SET rate = 18.00
 WHERE client_id = 37 AND hsn = '6302'
   AND min_price = 2500.01;
-- UPDATE 1
COMMIT;
```

किती ओळी बदलल्या ते `COMMIT` करण्याआधी पाहायचं. एक अपेक्षित असताना चाळीस दिसल्या तर `ROLLBACK`. क्वेरीचं आउटपुट, आधीची किंमत आणि नंतरची किंमत तिकिटावर जोडा. मधल्या वेळात १२ टक्क्यांनी निघालेल्या बिलांची यादीही त्याच तिकिटावर यावी, कारण ती ग्राहकाला दुरुस्त करावी लागणार आहेत.

फोनवर मंजुरी देणाऱ्याने नंतर स्वतःच्या लॉगिनने लिहायचं: "९:५२ ला फोनवर मंजुरी दिली." ही कॉमेंट ११:१५ ला पडली तर ११:१५ चीच राहू द्या. मंजुरीच्या वेळेचं फील्ड मागे सरकवून नीटनेटकं करायचा मोह होतो, आणि तिथेच विश्वास जातो. घाईच्या बदलात मंजुरीची नोंद नंतरची असणं ऑडिटरला मान्य असतं, ते तुमच्या लेखी पद्धतीत नमूद असलं म्हणजे झालं. मागची तारीख घातलेली मात्र सिस्टीमच्या इतिहासात उघडी पडते, आणि मग बाकीच्या खऱ्या नोंदींवरही शंका येते. पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत ज्याने बदल केला नाही अशा कोणीतरी तो तपासून तिकीट बंद करावं.

वर्षातले निम्मे बदल "इमर्जन्सी" दिसत असतील तर अडचण आणीबाणीची नसून नेहमीच्या मंजुरीला लागणाऱ्या वेळेची आहे. ती दुरुस्त करा, नाहीतर लोक हीच वाट पकडतील.

वेळेचा साडेपाच तासांचा घोटाळा

रविवारची दुसरी मंजुरी तिकिटावर १८:४० ला दिसते. पाइपलाइनच्या लॉगमध्ये डिप्लॉय सुरू झाल्याची वेळ आहे `14:35:07Z`. कागदावर पाहिलं तर मंजुरीच्या चार तास आधीच कोड गेला! शेवटचा `Z` म्हणजे यूटीसी. त्यात साडेपाच तास मिळवले की रात्रीचे ८:०५ होतात, म्हणजे मंजुरीनंतर. ऑडिटर दोन्ही याद्या एक्सेलमध्ये शेजारी ठेवून तुलना करतो, त्यामुळे अशा खोट्या चुका डझनांनी निघतात आणि प्रत्येकीचा खुलासा करत बसावं लागतं. पाइपलाइनच्या कॉमेंटमध्ये वेळ लिहिताना `+05:30` सकट लिहा, आणि यादी देताना कोणत्या स्तंभात कोणती वेळ आहे ते वर नोंदवा.

किती दिवस ठेवायचं, आणि महिन्याला काय जुळवायचं

गिटहब अॅक्शन्सचे लॉग मुळात ९० दिवस राहतात. सप्टेंबरच्या डिप्लॉयबद्दल ऑडिटर मे महिन्यात विचारतो, तेव्हा दुवा असतो, पण आतला लॉग गेलेला असतो. म्हणून पाइपलाइनने प्रत्येक रनचा लॉग आणि एक छोटी नोंद स्वतंत्र स्टोरेजमध्ये ठेवावी, जिथे पाइपलाइनला लिहिता येतं पण पुसता येत नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टीमचे लॉग किमान १८० दिवस ठेवायचे असतात. कंपनीचे हिशेब मात्र कायद्याने आठ वर्षं जपावे लागतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची चेंज तिकिटं आणि डिप्लॉयच्या नोंदीही तेवढीच वर्षं ठेवा असं मी सांगेन. जागा फार लागत नाही.

आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ऑडिटर जे वर्षाने करणार आहे ते तुम्हीच करा. पाइपलाइनमधून त्या महिन्याच्या सगळ्या प्रॉडक्शन रनची यादी काढा. कोणती क्वेरी किंवा फिल्टर लावून काढली, तेही सोबत जतन करा, कारण "यादी पूर्ण आहे कशावरून?" हा प्रश्न येणारच. प्रत्येक रनसमोर CHG क्रमांक, मंजुरीची वेळ, मंजुरी देणारा आणि कोड लिहिणारा हे चार स्तंभ भरा. मंजुरी डिप्लॉयनंतरची असेल, दोन नावं एकच असतील किंवा क्रमांकच नसेल, त्या ओळी रंगवा. डेटाबेसच्या लॉगमधून माणसांच्या खात्यांनी चालवलेल्या `UPDATE`, `DELETE` आणि `ALTER` काढून त्यांचीही तशीच जुळणी करा. डेटाबेसचं ऑडिट लॉगिंग मुळात चालू असेल तरच हे जमतं, पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी `pgaudit` आहे. रंगवलेल्या प्रत्येक ओळीसमोर कारण आणि केलेली दुरुस्ती त्याच महिन्यात लिहा. त्या वेळी संबंधित माणूस शेजारच्या टेबलावर असतो. मे महिन्यात तो पुण्याला दुसऱ्या नोकरीत गेलेला असू शकतो.